दम्याच्या माणसानं एक्यूआय नंतर बघावा, आधी वारा बघावा

आज पीक, खत, भाव काही नाही. आज विषय दम्याचा आणि मोबाईलमधल्या ॲपचा. मला दमा आहे, डॉक्टरांनी रोज अर्धा-पाऊण तास चालायला सांगितलंय, आणि आमचं गाव उसाच्या पट्ट्यात आहे. म्हणजे दिवाळीनंतर तोड सुरू झाली की पाचटाचा धूर, गुऱ्हाळाचा धूर आणि सकाळची गारठलेली हवा, तिन्ही एकत्र. अशा वेळी जो तो सांगतो, "ॲपवर एक्यूआय बघ आणि मग बाहेर पड." माझं मत वेगळं आहे. खेड्यातल्या दमेकऱ्यानं एक्यूआयच्या एका आकड्यावर फिरायचं ठरवू नये. फवारणीसाठी आपण जे हवामानाचं ॲप बघतो, त्यातला तासातासाचा वारा त्याच्या जास्त कामाचा आहे. का ते नीट सांगतो.

पहिला प्रश्न असा की तो आकडा येतो कुठून? आपल्याला हे कळायला अवघड नाही, कारण पावसाच्या बाबतीत आपण हेच भोगलंय. मंडळाच्या पर्जन्यमापकात ४० मिलिमीटर, आपल्या रानात ताली फुटलेल्या. अतिवृष्टीला ६५ मिलिमीटर लागतात, यंत्र दहा किलोमीटरवर, आणि पंचनाम्याला आपण यंत्राशी भांडत बसतो. हवेचं तर त्याहून पातळ आहे. पावसाचं यंत्र निदान मंडळात तरी असतं. हवा मोजणारी सरकारी केंद्रं बहुतेक शहरांत आणि औद्योगिक वसाहतींच्या आसपास आहेत. आमच्या गावापासून सगळ्यात जवळचं केंद्र चाळीस किलोमीटरवर, जिल्ह्याच्या गावी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप उघडलं तर ते हाच प्रामाणिकपणा दाखवतं: केंद्राचं नाव देतं आणि त्या केंद्राचाच आकडा देतं.

बाकीची बरीच ॲपं मात्र तुमच्या गावाचं नाव लिहून आकडा दाखवतात. गावात यंत्र नाही, मग आकडा आला कसा? तो संगणकाच्या गणितातून येतो. युरोपची कॅम्स नावाची सेवा जगभरच्या हवेचा असा अंदाज काढते, आणि विंडीवर पीएम २.५ चा जो रंगीत नकाशा दिसतो तो तिचाच. त्या गणिताचा एक चौकोन साधारण चाळीस किलोमीटरचा असतो. म्हणजे आमचा अख्खा तालुका, त्यातले कारखाने, नदी, डोंगर, सगळं मिळून एकच खाचर. मोठं चित्र समजायला हा अंदाज चांगला आहे. उत्तरेकडून धुळीचा लोट येतोय, आठवडाभर हवा कोंडणार आहे, हे त्यात दिसतं. पण शेजारच्या शिवारात पेटवलेलं दोन एकर पाचट त्यात दिसत नाही.

ते न दिसण्याचं आणखी एक कारण आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते माहीत असेल. आगी उपग्रहावरून टिपल्या जातात. नासाचा फर्म्स नावाचा आगीचा नकाशा कुणालाही फुकट बघता येतो. त्यातले बारीक आगी टिपणारे उपग्रह आपल्या डोक्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. आता आपल्याकडं पाचट कधी पेटवतात? ऊन कलल्यावर, वारा पडल्यावर, पाच-सहा वाजता, म्हणजे आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून. तासाभरात जाळ संपतो. उपग्रह दुपारी येऊन गेलेला असतो आणि रात्री येतो तेव्हा राख गार झालेली असते. धूर मात्र रात्रभर शिवारात लोळत असतो. ज्या गणिताला आगच दिसली नाही, ते धूर कुठून दाखवणार?

दुसरा प्रश्न: तो आकडा कधीचा? आपल्या राष्ट्रीय एक्यूआयमध्ये धुळीचा हिशोब चोवीस तासांच्या सरासरीवर होतो. आठ प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सगळ्यात जास्त, तोच त्या जागेचा एक्यूआय. आमच्याकडं हिवाळ्यात तो बहुतेक पीएम २.५ किंवा पीएम १० चा, म्हणजे बारीक धुळीचा आणि धुराचाच असतो. सकाळी सात वाजता तुम्ही ॲपवर जो आकडा बघता, त्यात कालची दुपार, संध्याकाळ, रात्र, सगळं मिसळलेलं असतं. दम्याच्या माणसाला सरासरी काय करायचीय? त्याला साडेसहा ते सव्वासात या पाऊण तासातली हवा छातीत घ्यायचीय.

हिशोब करून दाखवतो. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण हिवाळ्यातला चढउतार साधारण असाच असतो. समजा पीएम २.५ चं प्रमाण रात्री दहा ते पहाटे पाच हे सात तास ७० मायक्रोग्रॅम आहे. पाच ते नऊ हे चार तास ११०. नऊ ते बारा तीन तास ६०. दुपारी बारा ते पाच हे पाच तास २५. आणि संध्याकाळी पाच ते रात्री दहा हे पाच तास ७५. सगळ्याची बेरीज १६१०, भागिले चोवीस, सरासरी ६७. या सरासरीचा आपला एक्यूआय येतो १२० च्या आसपास, म्हणजे 'मध्यम'. पण पहाटेचं ११० हे प्रमाण 'खराब' पट्ट्यातलं आहे आणि दुपारचं २५ 'चांगल्या' पट्ट्यातलं. हे पट्टे मुळात दिवसाच्या सरासरीसाठी बांधलेत, एका तासाला तंतोतंत लावायचे नसतात, पण फरक किती मोठा आहे ते यातून कळतं. एकाच दिवशी, एकाच जागी, चौपटीहून जास्त. आणि ॲपवरचा माणूस सकाळीही १२० बघतो, दुपारीही १२० च्या आसपासच बघतो. तो म्हणतो, "मध्यमच आहे, मग सकाळीच जाऊन येतो." तिथंच तो फसतो.

तिसरी गोष्ट मोजपट्टीची. काही ॲपं भारतीय मोजपट्टी वापरतात, काही अमेरिकेची. पीएम २.५ चं प्रमाण ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या मोजपट्टीवर ते १०० येतं, 'समाधानकारक', हिरव्या रंगात. तीच हवा अमेरिकेच्या मोजपट्टीवर दीडशेच्या वर जाते, लाल रंगात. एकाच घरात बापाचा मोबाईल हिरवा आणि लेकाचा लाल, आणि दोघंही बरोबर. म्हणून माझं सांगणं असं की निर्देशांकच बघू नका. ॲपमध्ये थोडं आत गेलं की पीएम २.५ चं प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये मिळतं, तेही तासातासाचं. ते बघा. मायक्रोग्रॅम सगळीकडं सारखाच.

आता मुद्द्यावर येतो: मग बघायचं काय? इथं आपलं फवारणीचं शहाणपण कामाला येतं.

तणनाशक मारताना आपण वारा फार असला तर थांबतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वारा अजिबात नसला तरी मारू नये, हे कृषी विभागाची माणसं सांगून दमली. का? तर निरभ्र रात्री जमीन गार होते आणि तिच्यालगतची हवाही गार होते. वर मात्र तुलनेनं ऊबदार हवा असते. गार हवा जड, ती खालीच बसते. वर ऊबदार हवेचं झाकण. यालाच तापमानाचा उलटा थर म्हणतात. अशा वेळी फवाऱ्यातले बारीक थेंब वर जात नाहीत, विरत नाहीत, आडवे तरंगत दुसऱ्याच्या द्राक्षबागेत जातात. जे थेंबाचं तेच धुराचं. चुलीचा, गुऱ्हाळाचा, पाचटाचा, गाड्यांचा सगळा धूर त्या झाकणाखाली सूर्य उगवून जमीन तापेपर्यंत कोंडलेला राहतो. हिवाळ्यात हे झाकण साधारण नऊ-दहापर्यंत निघत नाही. संध्याकाळी सूर्य बुडाला की परत बसायला लागतं.

म्हणजे गंमत बघा. ज्या वेळेला आपण 'सकाळची शुद्ध हवा' म्हणतो, हिवाळ्यात उसाच्या पट्ट्यात तीच दिवसातली सगळ्यात मळकी हवा असते. त्यात ती गार आणि कोरडी. दम्याच्या श्वासनळ्यांना गार-कोरड्या हवेनंही आवळण येते, आणि चालताना श्वास जोरात होतो तेव्हा ती जास्त आत जाते. धूर आणि गारठा दोन्ही एकाच वेळी.

हे ओळखायला एक्यूआय लागत नाही. हवामानाच्या साध्या ॲपमध्ये तीन गोष्टी बघायच्या. एक, पहाटेचा वारा. पाच किलोमीटर ताशीच्या आत असेल तर हवा हलत नाही असं धरा. ॲपमध्ये एकक नॉट किंवा मीटर सेकंदाला असेल तर बदलून किलोमीटर करून घ्या. आणि हा वेग दहा मीटर उंचीवरचा असतो, बांधावर त्याहून कमीच मिळतो. दोन, आकाश. रात्र निरभ्र असेल तर थर पक्का बसतो, ढगाळ असेल तर कच्चा. तीन, कमाल आणि किमान तापमानातला फरक. सकाळी १२ आणि दुपारी ३० अंश असेल तर समजायचं की रात्री जमीन चांगलीच गारठतेय. तिन्ही जुळले की पहाटे बाहेर पडायचं नाही. खातरजमा डोळ्यानं करायची: घराबाहेर येऊन गुऱ्हाळाच्या धुराड्याकडं बघा. धूर थोडा वर जाऊन आडवा पसरत असेल, शिवारावर पांढरी चादर दिसत असेल, तर झाकण बसलेलं आहे. धूर सरळ वर जाऊन विरत असेल तर निघालं.

एक दिवस पूर्ण सांगतो म्हणजे पद्धत कळेल. जानेवारीतला मंगळवार. आदल्या संध्याकाळी ॲपमध्ये दुसऱ्या दिवसाचा वारा बघितला: सकाळी सहाला २, सातला २, आठला ३, नऊला ५, दहाला ८, अकराला १० किलोमीटर. आकाश निरभ्र. किमान १२, कमाल ३०. मग जिल्ह्याच्या केंद्राचा तासातासाचा पीएम २.५ बघितला. आकडा त्यांच्या गावचा आहे, माझ्या गावचा नाही, म्हणून मी आकडा घेत नाही, फक्त चढउतार घेतो. त्या दिवशी सकाळी सातला ९६, दहाला ५८ आणि दुपारी तीनला २४ होतं. दोन्हीचा सूर एकच निघाला. सहाचं फिरणं रद्द, सव्वादहाला जायचं ठरलं.

नंतर दिशा बघितली. दहा वाजता वारा पूर्वेचा दाखवत होता. ॲपमध्ये 'पूर्वेचा' म्हणजे पूर्वेकडून येणारा, हे लक्षात ठेवा. बाणाचं टोक मात्र तो जिकडं जातो तिकडं असतं. कालव्याच्या पूर्वेला एका भावकीतल्या माणसाचा खोडवा तुटला होता आणि त्यानं आदल्या संध्याकाळी पाचट पेटवलं होतं. हे मला कुठल्या ॲपनं सांगितलं नाही, त्याला फोन केला म्हणून कळलं. धुमसणारं पाचट दुसऱ्या दिवशीही धूर सोडत असतं. मग कालव्याचा रस्ता सोडला आणि त्या रानाच्याही पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला, माळावरच्या रस्त्यानं गेलो. अंतर तेवढंच, फक्त धूर पाठमोरा.

निघण्याआधी पीक फ्लो मीटर फुंकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही एक प्लॅस्टिकची नळी असते, जोरात फुंकली की छातीतून हवा किती वेगानं बाहेर पडते ते काट्यावर दिसतं. तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा धरायचा. तब्येत उत्तम असतानाचा माझा सगळ्यात चांगला आकडा ४४० आहे. त्या दिवशी ३९० आला, म्हणजे ८९ टक्के. डॉक्टरांच्या पद्धतीत ८० टक्क्यांच्या वर हिरवा पट्टा, ५० ते ८० पिवळा, ५० च्या खाली लाल. हिरव्यात होतो म्हणून गेलो, चाळीस मिनिटं चाललो. ३४० आला असता तर ते ७७ टक्के, पिवळा पट्टा. मग हवा कितीही स्वच्छ असली तरी त्या दिवशी फिरणं बंद आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणं औषध. लाल असेल तर ॲप बघत बसायचंच नाही, लगेच औषध आणि दवाखाना. आराम देणारा पंप खिशात असतोच, आणि वाटेत छाती जड वाटली की थांबायचं.

माझ्या लेखी हा मीटर म्हणजे आपल्या रानातला पर्जन्यमापक. मंडळाचं यंत्र काहीही म्हणो, आपल्या बांधात किती पडला ते आपलं यंत्र सांगतं. हवेत गाजरगवताचे परागकण असोत की शेजारच्या प्लॉटमधल्या औषधाचा वास असो, यातलं काहीच आपल्याकडच्या एक्यूआयमध्ये मोजलं जात नाही. पण छाती ते सगळं मोजते.

काही जण विचारतात, घरी हवा मोजायचं छोटं यंत्र घ्यावं का? परवडत असेल तर हरकत नाही, पण त्याची खोड माहीत पाहिजे. ही यंत्रं उजेड टाकून कण मोजतात. धुक्यात, दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. पहाटे आर्द्रता नव्वदीत असताना त्यातला आकडा तसाच धरू नका. दुपारच्या कोरड्या हवेतला आकडा जास्त विश्वासाचा.

आणि ही 'दहानंतर चाला' गोष्ट बारमाही नाही. एप्रिल-मे मध्ये उलट करावं लागतं. तेव्हा जमीन लवकर तापते, झाकण सकाळीच निघतं, आणि दुपारी उन्हासोबत ओझोन वाढतो, तोही श्वासनळ्यांना टोचतो. तेव्हा सूर्य वर आल्यावर तासाभरात फिरून घ्यावं. पावसाळ्यात धूळ धुऊन जाते, मग बघायचं ते विजांचं. म्हणजे ॲप तेच, पण ऋतूप्रमाणं त्यात बघायची जागा वेगळी.

यावर एक आक्षेप येतो, तोही बरोबर आहे: दहा वाजता मजुराला, दूध घालणाऱ्याला, शाळेच्या मास्तरला फिरायला सवड कुठं? खरं आहे. ज्याला पहाटेच रानात जावं लागतं त्यानं निदान नाकातोंडाला उपरणं गुंडाळावं. त्यानं धूर अडत नाही, पण हवा थोडी ऊबदार होऊन आत जाते. जोराचं काम नऊनंतर ठेवावं. पण ज्याला डॉक्टरांनी मुद्दाम चालायला सांगितलंय त्यानं झाकणाखाली जाऊन चालण्यात काही हशील नाही. त्या दिवशी दुपारी चाला, नाहीतर घरातल्या घरात चाला.

शेवटी दोन मागण्या. पहिली कृषी हवामानवाल्यांकडं. मंगळवारी आणि शुक्रवारी जी कृषी हवामान पत्रिका येते त्यात वाऱ्याचा वेग दिवसाचा एकच असतो. हिवाळ्यात त्यात पहाटेच्या वाऱ्याची एक ओळ द्या: 'उद्या सकाळी नऊपर्यंत हवा स्थिर राहील.' फवारणीवाल्यालाही तीच लागते आणि दमेकऱ्यालाही. दुसरी मागणी आपल्यालाच. पाचट कुट्टी करून सरीत दाबणं सगळ्यात चांगलं, ते आपण इथं अनेकदा बोललोय. पण ज्याला पेटवायचंच आहे त्यानं आदल्या दिवशी गावच्या ग्रुपवर गट नंबर आणि वेळ टाकावी. उपग्रह दीड वाजता येऊन जातो, त्याला सहाचा जाळ दिसत नाही. शेजाऱ्याला तर तो आधीच माहीत असतो.